ग्राहकाचा फोटो आपल्या पेजवर टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी घरून खणाच्या साड्या, ब्लाउज आणि लहान मुलींचे परकर-पोलके विकते. जवळजवळ सगळी विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून होते. माझ्या पेजवर ज्या फोटोंखाली 'किंमत सांगा' सर्वांत जास्त येतं, ते फोटो मी काढलेले नसतात. ते साडी नेसलेल्या बाईच्या भावाने, नवऱ्याने नाहीतर मैत्रिणीने काढलेले असतात. माझ्यासारखाच घरगुती धंदा करणाऱ्या बायका या फोटोंबद्दल जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

तिने स्वतःच आम्हाला टॅग केलंय. मग परवानगी आलीच ना?

नाही. टॅग म्हणजे 'बघा, तुमची साडी नेसली.' 'माझा चेहरा तुमच्या दुकानाच्या पाटीवर लावा' असं तिने म्हटलेलं नसतं.

पण स्टोरी आणि पोस्ट यांत फरक आहे. तिने स्टोरीत तुमचं नाव घातलं की तुम्हाला मेसेज येतो आणि त्यात Add to your story असं बटण दिसतं. त्या बटणाने तिचीच स्टोरी तुमच्या स्टोरीत जाते, तिचं नाव आपोआप राहतं आणि 24 तासांनी ती नाहीशी होते. त्यासाठी मी वेगळं विचारत बसत नाही, नुसते आभार कळवते. मात्र तीच स्टोरी हायलाइटमध्ये साठवली की ती कायमची झाली, आणि स्क्रीनशॉट काढून पोस्ट केली की ती तुमची जाहिरात झाली. या दोन्हींसाठी विचारायचंच.

इन्स्टाग्रामने 2025 मध्ये आणलेलं रिपोस्टचं बटणही हल्ली पुष्कळ जणी वापरतात. त्यात मूळ मालकिणीचं नाव राहतं ही सोय आहे, पण तुमची स्वतःची कॅप्शन लिहिता येत नाही. आभार मानून साडीची माहितीही द्यायची असेल तर ते बटण पुरत नाही, फोटो मागून घ्यावा लागतो.

परवानगी नेमकी कुणाची घ्यायची?

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण एका फोटोमागे दोन-तीन माणसं असतात.

पहिलं माणूस म्हणजे फोटो काढणारं. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. त्यामुळे मावसभावाने आपल्या मोबाइलवर काढलेल्या फोटोचा हक्क मावसभावाचा, भले त्यात आपल्या ग्राहक ताई असोत. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल तर गणित उलटं होतं. ज्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतले तो पहिला मालक, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. बरेच फोटोग्राफर करारात लिहून ठेवतात, म्हणून लग्नाच्या किंवा डोहाळजेवणाच्या फोटोत कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दिसलं की मी ग्राहकालाच सांगते, 'त्यांना एकदा विचारून घ्या.'

दुसरं माणूस फोटोत दिसणारं. त्याच्याकडे कॉपीराइट नसला तरी त्याचा चेहरा त्याचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या राजगोपाल खटल्यात स्पष्ट म्हटलंय की कुणाचं नाव किंवा छबी त्याच्या संमतीविना जाहिरातीसाठी वापरली तर खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो. आणि किंमत लिहिलेली पोस्ट ही जाहिरातच, कितीही प्रेमाने लिहिलेली असो.

तिसरी माणसं कडेला उभी असतात. मागे सासूबाई, शेजारी नणंद, कोपऱ्यात कुणाचं तरी पोर. त्या सगळ्यांना विचारत फिरण्यापेक्षा ग्राहक एकटी असलेला फोटो निवडावा नाहीतर फोटो कापून घ्यावा.

मेसेज कसा लिहायचा?

एक खरी ऑर्डर सांगते. एका ताईंनी डोहाळजेवणासाठी लाल काठाची हिरवी खणाची साडी घेतली. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी व्हॉट्सॲपवर सहा फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'सगळ्यांनी विचारलं साडी कुठून घेतली.' मी पाठवलेला मेसेज असा होता:

'ताई, नमस्कार. फोटो फार गोड आलेत, फुलांचे दागिने तर काय दिसतायत! यातला झोपाळ्यावरचा, तुम्ही एकट्याच आहात तो फोटो आमच्या इन्स्टाग्राम पेजवर टाकला तर चालेल का? सोबत तुमचे आभार मानून साडीची माहिती आणि किंमत लिहीन, म्हणजे ती आमची जाहिरात असेल. तुमचं नाव लिहू का, आणि कसं लिहू? फोटो कुणी काढलाय? मजकूर टाकण्याआधी तुम्हाला दाखवते. नको असेल तर मोकळेपणाने सांगा, काही वाटणार नाही.'

या मेसेजमधली एकही ओळ शोभेची नाही. कोणता फोटो ते सांगितलं, नाहीतर नेमका नको तो फोटो टाकला जातो. कुठे टाकणार ते सांगितलं. जाहिरात हा शब्द लपवला नाही. फोटो कुणी काढला हे विचारलं, कारण क्रेडिट त्याचं. आणि 'नको' म्हणायला दार उघडं ठेवलं. हे शेवटचं फार लागतं, कारण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं बायकांना जड जातं. मग त्या हो म्हणतात आणि मनात कुढत राहतात.

उत्तर आलं: 'टाका ना! पण बाळ होईपर्यंत नको. आई म्हणते दृष्ट लागते. आणि डोहाळजेवण वगैरे लिहू नका. फोटो माझ्या मावसभावाने काढलेत, त्याला विचारून सांगते.'

दुसऱ्या दिवशी भावाचा होकार आणि त्याचं हँडल दोन्ही आलं. मी मात्र तारीख लावून ठेवली नाही. अशा वेळी काय होईल हे कुणाच्या हातात नसतं, आणि ठरलेल्या दिवशी आपोआप पोस्ट पडणं फार क्रूर ठरू शकतं. बाळ झाल्याचं ताईंनी आपणहून कळवलं, त्यानंतर दोन आठवडे जाऊ दिले, मग पुन्हा विचारलं आणि कॅप्शन दाखवली.

फोनवर विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. चालेल?

फोन ठेवल्यावर दोन ओळी मेसेजवर लिहा आणि 'बरोबर आहे ना?' असं विचारून होकार घ्या. कॉपीराइटचा परवाना लेखी हवा असं कायद्यातच आहे. आणि सहा महिन्यांनी कोण काय बोललं होतं हे दोघींनाही आठवत नाही.

उत्तरादाखल नुसता अंगठा आला तर?

तुमच्या मेसेजात फोटो, जागा आणि जाहिरात हे तिन्ही स्पष्ट असेल तर अंगठा चालतो. 'फोटो टाकू का?' एवढंच विचारलं असेल तर तो अंगठा कशाला होता हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

उत्तरच आलं नाही तर?

टाकायचा नाही. मी चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करून देते, दुसऱ्यांदा नाही.

क्रेडिट कुठे आणि कसं द्यायचं?

कॅप्शनमध्ये, आणि अगदी वर. नुसतं फोटोवर टॅग केलं तर बघणाऱ्याने फोटोला बोट लावेपर्यंत ते नाव दिसत नाही. कॅप्शनच्याही पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर more च्या मागे जातो. हॅशटॅगांच्या ढिगाऱ्याखाली 'पीसी' लिहून मोकळं होणं म्हणजे लग्नपत्रिकेत मुलीच्या मामाचं नाव मागच्या पानावर छापण्यासारखं आहे.

दोन माणसं असतील तर दोन क्रेडिटं: साडी नेसणारीचं वेगळं, फोटो काढणाऱ्याचं वेगळं. हँडल लिहिल्यावर त्यावर एकदा बोट लावून बघा. एक अंडरस्कोर चुकला की आभार भलत्याच माणसाचे होतात. माझं असं एकदा झालंय, आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ग्राहकाचं अकाउंट प्रायव्हेट असेल तर हँडल टाकण्याआधी जरूर विचारा. पोस्टनंतर अनोळखी लोकांच्या फॉलो रिक्वेस्ट येतात आणि त्रास तिला होतो. काही जणी म्हणतात, 'नुसतं पहिलं नाव लिहा.' काही म्हणतात, 'नावच नको.' मग 'आमच्या एका ग्राहकाने पाठवलेला फोटो, त्यांच्या परवानगीने' एवढंच लिहायचं. त्यांनीच नाव नको म्हटलंय, तेव्हा तेच योग्य क्रेडिट.

आणि 'क्रेडिट: मूळ मालकास' किंवा 'फोटो इंटरनेटवरून' याला क्रेडिट म्हणत नाहीत. तो 'मी विचारलेलं नाही' असा स्वतःच दिलेला कबुलीजबाब झाला. क्रेडिट दिलं म्हणून परवानगीची गरज संपत नाही, आणि परवानगी मिळाली म्हणून क्रेडिट टाळता येत नाही.

एकाच कॅप्शनमध्ये आभार आणि जाहिरात कशी बसवायची? आभार खोटे वाटतात.

खोटे वाटतात कारण ते कुणालाही लागू पडतील असे लिहिलेले असतात. सुरुवातीला माझ्याच कॅप्शन अशा असायच्या:

'आमच्या सुंदर ग्राहक आमच्या एक्सक्लुझिव्ह खण साडीमध्ये! तुम्हीही दिसा अशाच सुंदर! लिमिटेड स्टॉक! आजच ऑर्डर करा! पीसी: फ्रेंड'

यात बाई कुठे आहे? ती पुतळ्यासारखी उभी आहे आणि आपण साडी विकतोय. 'तुम्हीही दिसा अशाच' या वाक्यात तर तिच्या रूपाचीच किंमत लावल्यासारखं वाटतं. हिरव्या साडीच्या त्या फोटोसाठी शेवटी हे लिहिलं (हँडलच्या जागी इथे टिंबं ठेवली आहेत):

'@… यांनी हा फोटो आठवणीने पाठवला आणि इथे टाकायची परवानगी दिली, मनापासून आभार!
फोटो: @…
अबोलीचा गजरा आणि फुलांचे दागिने त्यांच्या घरी केलेले आहेत. त्या रंगसंगतीपुढे आमच्या साडीचं श्रेय थोडंच.
साडी: हिरवा खण, लाल काठ, यंत्रमागावर विणलेला. किंमत 2,200 रुपये, ब्लाउजपीससह. फोटोतला ब्लाउज त्यांचा स्वतःचा आहे, तो साडीसोबत येत नाही. फोटो उन्हातला आहे, प्रत्यक्षात हिरवा एक छटा गडद आहे. अशा 4 साड्या शिल्लक आहेत, हवी असल्यास मेसेज करा.'

पहिल्या ओळीत माणूस, दुसरीत फोटो काढणारा, मग त्या फोटोतली एखादी गोष्ट जी आपली नाही, आणि त्यानंतर माल. गजऱ्याची ओळ लिहायला दोन मिनिटं फोटो नीट बघावा लागतो, आणि ग्राहकाला तेच पोचतं. ताईंनी कॅप्शन वाचून एकच दुरुस्ती सुचवली: 'गजरा मावशीने केलाय, पण तिचं नाव नको.' म्हणून 'त्यांच्या घरी' आलं.

मालाच्या ओळींतही एक पथ्य आहे. ग्राहकाच्या फोटोवर लोकांचा विश्वास आपल्या फोटोपेक्षा जास्त बसतो, म्हणून तिथली चूक जास्त महागात पडते. ब्लाउजची ओळ मी उगाच घातलेली नाही. याआधी एका पोस्टमध्ये ती नव्हती, तेव्हा तीन जणींनी 'फोटोतला ब्लाउज का आला नाही?' म्हणून पार्सल परत केलं. तसंच हातमागाचं. खण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड आणि तिथले हातमाग येतात, पण बाजारातला पुष्कळसा खण यंत्रमागाचा असतो. माल यंत्रमागाचा असेल तर तसंच लिहा. दुसरीच्या चेहऱ्याखाली खोटी माहिती छापली की त्यात ती बिचारीही ओढली जाते.

ग्राहकाच्या तोंडी चार चांगली वाक्यं घातली तर?

घालू नका. तिने 'सगळ्यांनी विचारलं साडी कुठून घेतली' असं लिहिलं असेल तर तेच अवतरणात टाका, तिला विचारून. त्याचं 'इतकी सुंदर साडी मी आजवर नेसले नव्हते' करायचं नाही. शुद्धलेखन सुधारायलाही मी परवानगी घेते, कारण लोक आपलं वाक्य ओळखतात.

फोटोच्या बदल्यात सवलत दिली तर काही लिहावं लागतं का?

लिहावं लागतं. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिफारस करणारा आणि विकणारा यांच्यात असा संबंध असेल, की जो कळल्यावर लोकांचा शिफारशीवरचा विश्वास कमी-जास्त होईल, तर तो जाहिरातीत उघड करायला हवा, असं त्यांत आहे. फुकट साडी, सवलत, बक्षीस हे सगळं त्यात येतं. 'फोटोच्या बदल्यात यांना 200 रुपयांची सूट दिली आहे' हे वाक्य वर, सहज दिसेल असं लिहायचं.

मी स्वतः फोटोआधी काहीच देऊ करत नाही. 'फोटो पाठवा, पुढच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट' अशी चिठ्ठी एका दिवाळीत मी पार्सलमध्ये टाकली होती. फोटो भरपूर आले, पण निम्म्यांत साडी नीट घडीही न मोडता खांद्यावर टाकलेली. ज्यांनी मनापासून पाठवले त्यांचेही मग सवलतीसाठीच वाटायला लागले.

फोटो थोडा सुधारून टाकला तर?

कापणं आणि जरासा उजेड वाढवणं चालतं, पण तेही कॅप्शनसोबत दाखवा. चेहऱ्याला हात लावायचा नाही. रंग उजळायचा नाही, पोट आत घ्यायचं नाही. एका ओळखीच्या बाईंनी ग्राहकाचा वर्ण ॲपने दोन छटा उजळला होता. त्या ग्राहकाने खाली कमेंट केली, 'ही मी नाही.' ती कमेंट दुकानाला महिनाभर पुरली.

फोटोग्राफरचं नाव कापून टाकणं तर अजिबात नको. कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कायद्याने त्याला दिलेला आहे, आणि कॉपीराइट विकल्यावरही तो त्याच्याकडेच राहतो. फिल्टरही टाळा. हिरवा खण फिल्टरमध्ये मोरपिशी दिसतो, आणि मग मोरपिशी हवा म्हणून ऑर्डर येते.

जाता जाता: फोटो व्हॉट्सॲपवर मागताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. साध्या फोटोत खणाची बारीक नक्षी पुसट होते.

परकर-पोलक्यातल्या लहान मुलींचे फोटो?

माझ्याकडे सर्वांत गोड फोटो हेच येतात आणि सर्वांत कमी मी तेच टाकते. आईने पाठवला तरी 'बाबांनाही विचारलंत ना?' असं लिहून घेते. एकदा आईचा होकार होता आणि वडिलांनी रात्री अकराला फोन करून पोस्ट काढायला लावली. त्यांचं चूक नव्हतं. मुलीचं नाव, शाळा, सोसायटीची पाटी, लोकेशन यातलं काहीही येऊ देत नाही. पाठमोरा फोटो असेल तर उत्तम. परकराचा घेर, पोलक्याची नाडी आणि वेणीतला गजरा मागूनच जास्त छान दिसतो, आणि विकायचं तेच आहे.

आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर तिलाही विचारायला सांगते. 'नको' म्हणणाऱ्या निघतात.

तोच फोटो पैसे देऊन बूस्ट केला, व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये टाकला किंवा प्रदर्शनाच्या फ्लेक्सवर छापला तर?

प्रत्येकासाठी वेगळा होकार. पेजवर हो म्हणालेल्या बाईला आपण स्टेशनबाहेरच्या फ्लेक्सवर दिसू याची कल्पना नसते. बूस्ट केलेली पोस्ट तर तिच्या ऑफिसमधल्या, नात्यातल्या, कुणाच्याही फोनवर पडू शकते. आधीच ठाऊक असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये विचारा. नंतर सुचलं तर नव्याने विचारा.

सहा महिन्यांनी तिने फोटो काढायला सांगितला तर?

त्याच दिवशी काढायचा, कारण न विचारता. साखरपुडा मोडलेला असतो, नोकरी बदललेली असते, घरात कुणी काही बोललेलं असतं. सगळं तिने आपल्याला का सांगावं? फक्त तो कुठे-कुठे आहे हे आपल्याला आठवायला हवं: पोस्ट, हायलाइट, फेसबुकवर आपोआप गेलेली प्रत, कॅटलॉग, फोनची गॅलरी. यासाठी मी ऑर्डरच्या वहीतच फोटोची नोंद करते. ऑर्डर नंबर, कोणता फोटो, होकाराची तारीख, कुठे टाकला, नाव कसं लिहायचं, काही अट. त्या हिरव्या साडीपुढे 'बाळ झाल्यावर, डो.जे. लिहू नये' असं पेन्सिलीने लिहिलेलं अजून आहे. मेसेजचा स्क्रीनशॉटही ठेवते, कारण फोन बदलला की चॅट हरवतात.

फोटो आला, परवानगी आली, पण साडी आपली नाहीच, असं झालं तर?

हसू नका, झालंय. एका ताईंनी कौतुकाने फोटो पाठवला, 'तुमची साडी' म्हणून. मोठा करून बघितला तर काठावर रुईफुलाची नक्षी होती, आणि तो काठ मी कधी विकलेलाच नाही. त्यांनी दोन ठिकाणांहून साड्या घेतल्या होत्या आणि घोळ झाला होता. फोटो इतका सुंदर होता की क्षणभर मोह झाला. मग कळवलं, 'ताई, छान दिसताय, पण ही आमची नव्हे. ज्यांची आहे त्यांना नक्की पाठवा.' पुढच्या आठवड्यात त्यांनी आमची साडी नेसून फोटो पाठवला. तो अंधारात काढलेला आणि हललेला आहे. तरी टाकला, विचारून.